टपावरचं शिलाई मशीन

सत्यशीलाबाईंना कुणी म्हातारी म्हणालं तर चालतं. तिखट जिभेची म्हणालं तरी त्या पदर खोचून दोन शब्द सुनावतात आणि सोडून देतात. पण खोटारडी? तीस वर्षं जिंतूरच्या अंगणवाडीत या बाईनं लेकरांची वजनं काट्याला काटा लिहिली. एकदा वरचे साहेब म्हणाले, "ताई, दोनशे ग्रॅम वाढवून लिवा, जरा बरं दिसतं." बाई म्हणाल्या, "आधी लेकराच्या अंगावर वाढवा, मग लिहिते." अशा बाईला पोटच्या पोरानं, तेही सुनेच्या आणि नातीच्या देखत, सांगावं की आई, तू सांगतेस तसा पिक्चर जगात झालेलाच नाही! अहो, हे ऐकून दगडाला घाम फुटला असता, बाई तर हाडामांसाच्या.

झालं असं. पोरगा आदिनाथ गौरी-गणपतीला पुण्याहून आला होता. जेवणं झाल्यावर नात मैत्रेयीनं विचारलं, "आजी, तू बघितलेला सगळ्यात भारी पिक्चर कोणता?" बाई खुलल्या. पिक्चरचं नाव आठवेना, पण त्यानं काय अडतंय? काळा-पांढरा पिक्चर. नवरा तेलाच्या घाण्याचा मालक, डाव्या गालावर नाकाजवळ हा एवढा तीळ, हसला की तोंडाचा एकच कोपरा वर जायचा. सासू स्वतःच्या पाटल्या पिठाच्या डब्यात लपवते आणि सुनेवर चोरीचा आळ घेते. सून माहेरी. आणि शेवटी, बाई सांगताना पुढं सरकून बसल्या, शेवटी ती एसटीत बसते. तिचं शिलाई मशीन एसटीच्या टपावर बांधलेलं. तीळवाला मागून पळत येतो, खिडकीला हात लावतो, परत चल म्हणतो. ती म्हणते, "मी माझ्या हातानं मिळवून खाईन." कंडक्टर घंटी मारतो. समाप्त.

"मला बघायचाय!" मैत्रेयी म्हणाली.

आदिनाथनं फोन काढला. घाणा, तीळ, पाटल्या, पीठ, एसटी, शिलाई मशीन, सगळं एका दमात त्यात घातलं. फोननं लगेच एक नाव सांगितलं, पैज लावल्यासारखं ठासून. उघडून बघितलं तर दरोडेखोरांचा पिक्चर निघाला, तोही रंगीत. फोननं माफी मागितली आणि दुसरं नाव दिलं. त्यात एसटी होती, सासूच नव्हती. तिसरं नाव दिलं, त्या नावाचा पिक्चर कुठंच सापडेना. इतकं झाल्यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? की हा फोन थापा मारायलाय. पण आदिनाथ म्हणाला, "आई, असा पिक्चर नाहीच. मनातलं आणि बघितलेलं तुझं एकत्र व्हायला लागलंय."

फोन तीनदा चुकला, तर फोन हुशार. आई एकदाही चुकली नाही, तर आई भ्रमिष्ट! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बरं, तेवढ्यावर थांबला असता तर बाईंनी गिळलंही असतं. पण पोरानं मनात यादीच करून ठेवली होती. चैत्रात गॅस चालू राहिला. मैत्रेयीला दोनदा विमला म्हणून हाक मारली, म्हणजे बाईंच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं. आणि आता हा पिक्चर. "तू इथं एकटी राहण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर पुण्याला चल. घराची किल्ली शेजारी देऊन टाकू," तो म्हणाला. आवाज मऊ होता, त्यामुळं तर बाईंच्या अंगाची जास्तच आग झाली. स्वतःच्या कमाईच्या दोन खोल्या, दारातली कढीपत्त्याची दोन झाडं, कुणाला न विचारता उठायचं, कुणाला न विचारता झोपायचं. हे सगळं एका पिक्चरपायी जाणार?

"तो पिक्चर मी काढून दाखविते," बाई म्हणाल्या. "आन् नाही निघाला तर तूच माझी ट्रंक भर."

आदिनाथ पुण्याला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जिंतूरच्या बसस्टँडासमोर महारुद्रच्या दुकानात जाऊन बसल्या. पाटी मोबाइल दुरुस्तीची, पण महारुद्रची खरी कीर्ती वेगळी. तरुणपणी चौदा वर्षं तो तंबूतल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. गावोगावच्या जत्रेत तंबू लागायचा, तो मशीन चालवायचा. तंबू मोडले, मग व्हिडिओ, मग फोनच्या कार्डात गाणी भरून देणं, असं करत त्याचे केस पांढरे झाले. पण आजही येलदरीपासून पूर्णेपर्यंत कुणाला पिक्चरचं नाव आठवेना की लोक म्हणतात, महारुद्रकडं जा. कुणी म्हणतं, मामा, तो हो, ज्यात कुत्रं चिठ्ठी घेऊन जातं. कुणी म्हणतं, ज्यात आंधळा बाप नाणी वाजवून ओळखतो. महारुद्र चार प्रश्न विचारतो आणि संध्याकाळपर्यंत नाव काढतो.

"सत्यशीलाताई, गडबड करायची न्हाई," तो म्हणाला. "नाव इसरलं तर इसरू द्या. चेहरा इसरू नका. चेहऱ्याला दोरी असती, ती ओढली की बाकीचं मागं येतं. हा तीळवाला दुसऱ्या कशात बघितलाव का?"

बाईंनी डोकं खाजवलं. टीव्हीवर एकदा, पोरीच्या लग्नात रुसलेला मामा झाला होता. नाकात बोलायचा.

"विश्राम काळसेकर!" महारुद्रनं मांडीवर थाप मारली. फोनवर त्याचा फोटो शोधून काढला. तोच तीळ, तेच एका कोपऱ्यातलं हसू.

मग काम सुरू झालं. त्या नटानं केलेल्या पिक्चरांची यादी महारुद्रनं वहीत उतरवली. तेवीस नावं. "रंगीत हायेत ते खोडा," म्हणत त्यानं अकरा खोडली. "ह्यात हा म्हातारा झालाय. ह्यात फौजदार हाय." आणखी तीन गेली. उरलेल्या नवांतल्या सहांच्या जाहिराती सापडल्या, त्यावरची नायिका बाईंना दाखवून आणखी चार बाद झाली. जुने पिक्चर लोक भलत्याच नावानं टाकून ठेवतात, म्हणून तो दरवेळी सुरुवातीची पाटी वाचायचा, मगच पुढं जायचा. उरलेल्यांतला तिसरा लागला. पाटीवर नाव, 'उंबऱ्याची शपथ'.

घाणा दिसला. बैल डोळ्याला झापड बांधून फिरत होता. सासूनं इकडं तिकडं बघितलं आणि मनगटातल्या पाटल्या उतरवून पिठात दाबल्या.

"आगं बाई!" सत्यशीलाबाई खुर्चीतून उठल्याच. "हाच! हाच की! म्हणं मी येडी झाले! लावा, शेवट लावा. आदिनाथला पाठवा तो."

महारुद्रनं बोट सरकवलं. शेवट आला. एसटी नव्हती. शिलाई मशीन नव्हतं. सून उंबऱ्यात बसली होती, सासूच्या पायावर डोकं ठेवून, न केलेल्या चोरीची माफी मागत. सासूनं तिला उठवून कुंकू लावलं. तीळवाला कोपऱ्यातून हसला. समाप्त.

"हे न्हाई," बाई म्हणाल्या. "हे कुणी बदललंय."

"पिक्चर कोण बदलतंय ताई? हाच हाय. पाटल्या मिळाल्या, घाणा मिळाला, माणूस मिळाला." महारुद्रनं चष्मा काढला. "इतकी वर्षं झाली. डोकं आपल्याला पाहिजे तसा शेवट जोडून ठेवतंय. माणसाचं व्हतंय असं."

झालं! इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला.

"तुमीबी तेच म्हना!" बाईंचा आवाज रस्त्यावर गेला, समोरचा केळीवाला वळून बघायला लागला. "जो उठतो तो माझं डोकं तपासायलाय! मला पाहिजे तसा शेवट? आरे, मला काय पाहिजे हे मला तरी त्या दिवसापर्यंत कुठं ठाऊक हुतं? माझ्या सासूनंबी माझ्यावर चोरीचा आळ घेतला हुता. मीबी माहेरी पडले हुते, आदिनाथ अकरा महिन्यांचा मांडीवर. माझ्या बापानं ठरवलं हुतं, सोमवारी सासरी नेऊन घालायचं, मी पाया पडून माफी मागायची. मी तयार हुते! लुगडं घडी करून ठेवलं हुतं. आन् रविवारी मी ती एसटी बघितली. घरी आले, बापाला म्हनलं, मी जाणार न्हाई, मी शिकते, मी मिळविते. दहावीला बसले, अंगणवाडीत लागले. आता तुमी म्हणता ती एसटी नव्हतीच? मग मी काय बघून उठले? सांगा की!"

महारुद्रनं चष्मा परत चढवला. वहीवरचा त्याचा पेन तसाच राहिला. मग त्यानं असा प्रश्न विचारला जो ना आदिनाथनं विचारला होता, ना त्या शहाण्या फोननं.

"ताई, बघितला कुठं?"

"कुठं म्हंजी? येलदरीला. धरणाच्या कॉलनीपाशी. तंबूत."

"साल?"

"चौऱ्याऐंशी. शेवटाला पिक्चरचं मशीन बंद पडलं हुतं जरा येळ. लोकांनी शिट्ट्या मारल्या."

महारुद्रच्या तोंडचं पाणी पळालं. "ते शिलाई मशीन," तो हळूच म्हणाला, "आधी पिक्चरमधी कुठं दिसलं हुतं का?"

"न्हाई. मला वाटलं, तंबूवाले तुकडे कापतात, त्यात गेलं आसंल."

"आन् लुगडं?"

"आधी काठाचं, शेवटाला ठिपक्याचं. का हो, बाई लुगडं बदलत न्हाई का?"

त्यानं वहीतली यादी पुन्हा ओढली, पण या वेळी घाणा नाही, पाटल्या नाहीत, सासू नाही. "आपण सगळं एका पिशवीत भरून शोधायलो, म्हणून मिळंना," तो पुटपुटला. "एकेक सुटं करायला पाहिजे." नट तोच, नायिकाही तीच, पण शोधायचं नुसतं एसटी आणि मशीन. खोडलेलं नव्हतं अशा एका नावावर त्याचं बोट थांबलं, 'खडीचा माळ'. तो उघडला, पाटी वाचली आणि सरळ शेवटची दहा मिनिटं लावली.

धुळीचा रस्ता. एसटी. टपावर दोरीनं आवळलेलं शिलाई मशीन, त्याचं चाक वाऱ्यानं जरा जरा फिरतंय. खिडकीत ठिपक्याच्या लुगड्यातली बाई. आणि मागून पळत येणारा तीळवाला.

सत्यशीलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की महारुद्रचे स्क्रू उडाले. "हाय का न्हाई? हाय का न्हाई!"

"हाय," महारुद्र म्हणाला. "पण ह्यात तो तिचा नवरा न्हाई ताई. खडीच्या कामावरचा मुकादम हाय. ती रांडमुंड बाई, तो तिच्या मागं लागलेला. हा दुसराच पिक्चर." त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "त्या तंबूत मशीनवर मीच हुतो."

मग त्यानं सांगितलं. बेचाळीस वर्षांत बायकोलाही न सांगितलेलं. पिक्चरांची नावं तो विसरला होता, घोळ विसरला नव्हता. मालकाचे दोन तंबू, एक येलदरीला, एक जिंतूरला. त्या आठवड्याला दोन पिक्चर आले होते, दोन्हीत हीच जोडी. आदल्या गावचा खेळ उरकून घाईघाईत रिळं गुंडाळताना त्याच्या हातून दोन्हीची शेवटची रिळं एकमेकांच्या डब्यात गेली. एक पेटारा येलदरीला, दुसरा जिंतूरला. डब्यावरचं नाव बरोबर, आतला माल भलताच. पडद्यावर एसटी दिसली तेव्हा त्याला कळलं. त्यानं मशीन बंद केलं. खरं रीळ पंधरा-सोळा किलोमीटरवर. मालक धावत आला, बघितलं आणि म्हणाला, चालू दे. लोकांना काय कळतंय.

"लोकांना काय कळतंय!" बाई उभ्या राहिल्या. "मला कळत हुतं! शिलाई मशीन मधीच कुठून आलं, हे मला खटकलं हुतं. मी माझीच समजूत घातली. बेचाळीस वर्षं मी ती एसटी मनात घेऊन फिरले आन् तुमी इथं शंभर पावलांवर बसून! पिक्चर शोधणारा म्हणून मिरवायलाव, आन् घोळ तुमच्याच हातचा!"

"इज्जतीला भ्यालो ताई."

"तुमच्या इज्जतीपायी माझं डोकं गेलं हुतं की आता!"

तो खाली मान घालून बसला. बाईही बसल्या. बाहेर परभणीची गाडी लागली, लोक चढले, गाडी गेली. बाईंच्या मनात काहीतरी हळूहळू उलगडत होतं आणि ते उलगडू नये असं त्यांना वाटत होतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आवाज खाली आलेला. "मग हा पाया पडायचा शेवट त्या दिवशी जिंतूरच्या तंबूत लागला?"

"लागला."

"ती खडी फोडणारी, मुकादमाला सोडून निघालेली, तिथं उंबऱ्यात डोकं ठिवून माफी मागत हुती?"

महारुद्रनं मान हलवली.

"तिथंबी बाया आसतील बसलेल्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "एखादी सोमवारी गेली आसंल पाया पडायला."

बाईंना त्या दुसऱ्या बाईचा इतका राग आला, इतकी दया आली, की त्या दोन्हीत फरक कळेना. आणि मालकाचा राग आला, पिठात पाटल्या लपवणाऱ्या सासवांचा आला, तो शेवट लिहिणाऱ्याचा आला. न केलेल्या चोरीची माफी! कोण बसलं होतं ते लिहायला? कुठला भडवा होता?

"फोन लावा," त्या म्हणाल्या. "आदिनाथला. आन् तुमी बोला. माझ्या तोंडून त्याला खरं वाटत न्हाई."

महारुद्रनं कपाळावरचा घाम पुसला. चौदा वर्षांत माझं एक रीळ उलटं लागलं नाही, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलेला. केळीवाला अजून दारातच उभा होता, आतलं ऐकत. तरी त्यानं फोन लावला, आवाज मोठा केला आणि सांगितलं. दोन पिक्चर, दोन नावं, दोन डबे. "आदिनाथराव, आईचं डोकं ठिकाणावर हाय. त्यांनी जे बघितलं तेच सांगितलं. चूक माझ्या हाताची हाय."

पलीकडून आदिनाथ म्हणाला, "ठीक आहे, पिक्चरचं मान्य. पण आई, गॅस?"

बाईंनी फोन ओढून घेतला. "गॅस राहिला. कबूल. दुसऱ्या दिवशी मी शेगडीवर खडूनं लिहून ठेवलं, बंद कर. विमला म्हणले, तेबी कबूल. मैत्रेयी हसली की तशीच दिसते, तुला माहीत न्हाई कारण तुझ्या मावशीला तू बघितलंच न्हाईस. माझ्या खऱ्या चुका मला सांग, मी मान खाली घालीन. पण न केलेल्या चुकीपायी मी पाया पडणार न्हाई आन् किल्ली देणार न्हाई. तवा पाया पडले न्हाई, आता पडते व्हय?"

"तेव्हा म्हणजे?"

मग बाईंनी त्याला तो सोमवार सांगितला. घडी केलेलं लुगडं, अकरा महिन्यांचा तो. सगळं महारुद्रच्या दुकानात उभ्यानं. "हा माणूस चुकला नसता ना, तर दुसऱ्या दिवशी तुला कडेवर घेऊन मी त्या उंबऱ्यात डोकं टेकलं असतं," त्या म्हणाल्या. "तू आज पुण्यात कशाला असतास?"

आदिनाथ म्हणाला, "आई, दिवाळीला आम्हीच येतो तिकडं."

"या. पण ट्रंक भरायला येऊ नका."

तेवढ्यात फोन मैत्रेयीनं हिसकावला. "आजी, सापडला? नाव काय त्याचं?"

सत्यशीलाबाईंनी महारुद्रची वही आपल्याकडं वळवली आणि चष्मा नीट बसवला.

"नावं दोन हायेत गं माझी बाय. कागद घे. पहिला लावायचा, आन् शेवटची दहा मिनिटं राहिली की बंद करायचा. मग दुसऱ्याची शेवटची दहा मिनिटं लाव. आजीचा पिक्चर तो."